दोन हाफ म्हणजे एक फुल: भाडेवाढीच्या हिशेबात सापडलेले प्रमाण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात रोज संध्याकाळी वस्तीची गाडी येते. ती रात्री गावातच मुक्काम करते आणि पहाटे पहिल्या फेरीला निघते, त्यामुळे शेवटच्या फेरीचा भरणा डेपोत जमा होण्याआधी एक रात्र कंडक्टरच्या ताब्यात राहतो. या प्रकरणातला कंडक्टर त्याच गावचा आहे. जेवण झाल्यावर तो ओसरीवर बसून पैसे आणि तिकीट यंत्राने काढलेला फेरीचा गोषवारा ताडून पाहतो, आणि सहावीत शिकणारी त्याची थोरली मुलगी त्याला नोटा लावायला मदत करते. ही मुलगी आणि तिचे घर अभ्यासासाठी रचलेले आहे, आणि भाड्याचे आकडेही तोंडी हिशेबाला सोपे जातील असे घेतले आहेत. मात्र हिशेबाला वळण देणाऱ्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली म्हणजे ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सुरू झालेली, महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास देणारी शक्ती योजना, आणि दुसरी म्हणजे ५ जानेवारी २०२५ पासून राज्य परिवहनाच्या चारही संस्थांनी लागू केलेली १५ टक्के भाडेवाढ.

डिसेंबर महिन्यात खानापूर ते गाव असे पूर्ण तिकीट ४० रुपये आणि हाफ तिकीट २० रुपये आहे, असे धरू. शेवटच्या फेरीचे जवळजवळ सगळे प्रवासी थेट गावापर्यंत येतात, म्हणून मधल्या थांब्यांची तिकिटे बाजूला ठेवता येतील. एका संध्याकाळी गोषवाऱ्यावर १८ फुल, ४ हाफ आणि २२ झिरो तिकिटे होती. एकूण प्रवासी ४४ आणि जमा रक्कम ८०० रुपये. दुसऱ्या दिवशी बाजार होता, गाडी भरून आली आणि प्रवासी ५५ निघाले. वडील पैसे मोजू लागण्याआधीच मुलीने अंदाज सांगितला, की आज १००० रुपये असणार. तिचा हिशेब असा होता: कालच्या ४४ माणसांवर आज ११ जास्त आहेत, ११ म्हणजे ४४ चा चौथा हिस्सा, म्हणून ८०० वर ८०० चा चौथा हिस्सा चढवायचा.

पिशवीत निघाले ७२० रुपये. माणसे वाढली होती आणि पैसे घटले होते.

या चुकीकडे बारकाईने पाहायला हवे, कारण वर्गात ती सहसा दिसतच नाही. मुलीच्या आकडेमोडीत काहीही चुकलेले नाही. चौथा हिस्सा वाढला की चौथा हिस्सा वाढवायचा हा विचार प्रमाणाचाच आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. चुकली ती राशींची निवड. प्रवाशांची संख्या आणि जमा रक्कम या दोन राशी एकमेकींच्या प्रमाणात आहेत असे तिने गृहीत धरले होते, पण तशा त्या नव्हत्या. पाठ्यपुस्तकात ‘५ पेनांची किंमत इतकी, तर ८ पेनांची किती’ असे विचारतात, तेव्हा कोणत्या राशींची जोडी घ्यायची हे पुस्तकानेच ठरवून दिलेले असते, आणि विद्यार्थ्याला फक्त गुणाकार-भागाकार उरतो. ओसरीवरच्या हिशेबात ही जोडी स्वतःच शोधावी लागते.

“अगं, बायकांची तिकिटंपण मोजालीस काय? ती झिरोची की,” असे म्हणून वडिलांनी गोषवारा तिच्यापुढे सरकवला. त्या दिवशीची विभागणी १५ फुल, ६ हाफ आणि ३४ झिरो अशी होती. झिरो तिकिटाच्या भाड्याची रक्कम संस्था सरकारकडे मागते, म्हणून कंडक्टरला ते तिकीट फाडावेच लागते. पण पिशवीत त्याचा एक रुपयाही येत नाही. ३४ वगळल्यावर २१ तिकिटे उरली. तरीही हिशेब बसेना, कारण आदल्या दिवशी पैसे देणारे २२ होते आणि २२ ला ८०० तर २१ ला किती, हा भागाकार नीट सुटत नव्हता. तेव्हा वडिलांनी कंडक्टर नेहमी करतात तसे केले: दोन हाफचे एक फुल धरले. आदल्या दिवशीचे १८ फुल आणि ४ हाफ मिळून २० फुल झाले, आणि आजचे १५ फुल आणि ६ हाफ मिळून १८. आता २० ला ८००, १८ ला ७२०. दोन्ही दिवशी फुलामागे ४० रुपये.

दोन हाफचे एक फुल करणे ही मोजणीची सोय वाटते, पण गणिताच्या दृष्टीने त्या सोयीने मापाचे एकक बदलले. ‘माणूस’ हे एकक सोडून ‘पूर्ण तिकीट’ हे एकक घेतल्यावर दोन्ही राशी प्रमाणात आल्या. मुलीने हा नियम पाठ केला आणि पुढचे काही दिवस भरणा मोजण्याआधीच गोषवाऱ्यावरून रक्कम सांगू लागली. जानेवारीत भाडे वाढले तेव्हा याच नियमाने तिला अडवले, आणि तो अडथळा या प्रकरणाचा गाभा आहे.

नवे दर लागू झाले त्या रात्री वडिलांनी सांगितले, की खानापूरचे ४० चे तिकीट ४६ झाले. मुलीने वहीच्या कोऱ्या पानावर डावीकडे जुने भाडे आणि उजवीकडे नवे असे दोन रकाने आखले आणि पहिली ओळ लिहिली: ४०, ४६. वडिलांनी विचारले, की दूरच्या टप्प्याचे ६० चे तिकीट आता केवढ्याचे झाले असेल, सांग बघू. तिने लगेच ६६ सांगितले. वडील म्हणाले, “एकोणसत्तर,” आणि नोटा मोजू लागले. त्यांनी कारण सांगितले नाही. त्यांना तो आकडा यंत्रावर दिसलेला होता, एवढेच.

६६ हे उत्तर या वयातल्या मुलांचे अगदी ठरलेले उत्तर आहे. ४० चे ४६ झाले म्हणजे ६ वाढले, मग ६० मध्येही ६ वाढवायचे. दोन राशींमधले नाते हे फरकाचे नाते आहे असे मूल धरून चालते, आणि शिक्षक ‘बेरीज नव्हे, गुणाकार कर’ असे सांगून मोकळे होतात. तेवढ्याने मूल पुढच्या गणितात गुणाकार करते, पण बेरीज का चालत नाही हे त्याला कळलेले नसते, आणि प्रश्नाचा साचा थोडा बदलला की ते परत फरकावर येते. फरकाचा नियम खोटा ठरवणारी एखादी गोष्ट मुलाच्या स्वतःच्या अनुभवात असेल, तरच तो नियम सुटतो. या मुलीकडे ती गोष्ट होती.

तिने ६६ खोडले नाही. ती पुढच्या ओळीला गेली. हाफ तिकीट जुने २० होते, त्यात ६ मिळवून तिने उजवीकडे २६ लिहिले. मग सवयीने दोन हाफचे एक फुल करायला गेली आणि थांबली. २६ आणि २६ मिळून ५२ होत होते. फुल तर ४६ चे. एका मोठ्या माणसापेक्षा दोन पोरांचे तिकीट ६ रुपयांनी महाग पडत होते, आणि अशी गाडी तिने पाहिलेली नव्हती. हाफ म्हणजे फुलाचे निम्मे, हे तिच्या दृष्टीने पक्के होते. तेव्हा सोडायचे तर ६ सोडावे लागणार होते. तिने २६ वर काट मारली आणि २३ लिहिले.

“बाबा, हाफला तीनच रुपये वाढलेत काय?”

“मग? भाडं निम्मं, तर वाढपण निम्मीच की.”

इथपर्यंत आल्यावर ६० चा उलगडा तिने स्वतः केला. ६० म्हणजे एक फुल आणि एक हाफ, म्हणजे ४० आणि २०. नव्या दराने ४६ आणि २३, मिळून ६९. मग ८० चे ९२ आणि १०० चे ११५ अशी तिने भराभर पाने भरली. वाढीचा आकडा प्रत्येक ओळीत वेगळा होता, ३, ६, ९, १२, १५, पण प्रत्येक २० मागे ३ हा हिशेब कुठेच मोडत नव्हता. यालाच शाळेत २० : २३ हे गुणोत्तर म्हणतात, आणि दोन रकान्यांतल्या सगळ्या जोड्यांचे गुणोत्तर एकच असणे म्हणजे प्रमाण.

तिची ही रीत आणि शाळेतली त्रैराशिकाची रीत यांची तुलना इथे करायला हवी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत त्रैराशिकाच्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत, आणि प्रमाण व इच्छा या राशी एकाच जातीच्या असाव्यात असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. आपल्या उदाहरणात प्रमाण ४०, फल ४६ आणि इच्छा ६०. रीत सांगते, की फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा: ४६ गुणिले ६० बरोबर २७६०, भागिले ४० बरोबर ६९. उत्तर बिनचूक येते. पण मधला २७६० हा आकडा कशाचा आहे, हे विचारले तर सांगता येत नाही. तो रुपये गुणिले रुपये असा काहीतरी आहे, आणि त्यात चूक झाली तर ती नजरेस येत नाही. मुलीच्या रीतीत मात्र प्रत्येक पायरीवरचा आकडा हे कुठले तरी तिकीट असते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मुलेही याच पद्धतीने हिशेब करत होती: एका नारळाची किंमत ३५ असताना दहा नारळांसाठी एका मुलाने तीन नारळांचे १०५ धरले आणि तेच गट जोडत ३५० पर्यंत पोहोचला. तीच मुले कागदावर मांडलेल्या तशाच गणितांत पुष्कळ जास्त चुकत होती.

तरी या रीतीचे कौतुक करताना थोडे जपून राहावे लागते. गट जोडत जाणे ही अजून बेरीजच आहे. ती शहाणी बेरीज आहे, कारण दोन्ही रकाने एकाच वेळी पुढे सरकतात, पण नेमक्या गटांत न बसणारी रक्कम आली की ती अडते. म्हणून मुलीला गुणोत्तर खरोखर कळले की नाही हे ६० किंवा १०० च्या उत्तरावरून ठरत नाही. त्यासाठी ५२ सारखी रक्कम द्यावी लागते. ५२ रुपयांचे जुने तिकीट असते, तर नवे किती झाले असते?

४० चे ४६ तिने लगेच बाजूला काढले. उरले १२, आणि १२ तर २० पेक्षा कमी. पहिल्यांदा तिने १२ मध्ये ३ मिळवले, म्हणजे फरक पुन्हा डोकावला. पण ४६ आणि १५ मिळून ६१ झाल्यावर तिने लगेच ६० च्या ओळीकडे पाहिले. ६० मागे ९ वाढले, आणि ५२ मागेही ९ कसे वाढतील, हे तिला पटेना. मग तिने २० चे तुकडे केले: २० मागे ३ रुपये, तर १० मागे दीड, आणि २ मागे ३० पैसे. १२ म्हणजे दोनाचे सहा तुकडे, वाढ १ रुपया ८० पैसे, म्हणून १२ चे १३.८० आणि ५२ चे ५९.८०. शेवटी ती म्हणाली, की म्हणजे एका रुपयामागे १५ पैसे. ज्या क्षणी ती एका रुपयापर्यंत उतरली, त्या क्षणी गट जोडण्याची गरज संपली. आता कुठलेही भाडे एकदाच १.१५ ने गुणून नवे भाडे मिळते. शंभरामागे १५ हे वर्तमानपत्रातले वाक्य आणि रुपयामागे १५ पैसे हे तिच्या वहीतले वाक्य एकच आहे, हेही तिला तिथेच दिसले. माझ्या मते या प्रकरणात शोध म्हणावा अशी जागा २३ ची नाही, ती ही आहे.

बसमध्ये ५९.८० चे तिकीट अर्थातच मिळत नाही. भाडे पूर्ण रुपयांत आणावे लागते, आणि त्यातून जे घोळ होतात ते शिकवताना टाळले तर मूल पुढे स्वतःच्याच नियमावर शंका घेते. आपण इथे जवळच्या रुपयात आणायचे आणि अर्धा रुपया आला तर वर चढवायचा, असा नियम धरू. जुने १० रुपयांचे तिकीट ११.५० होते आणि १२ ला येऊन बसते. मुलीने ते पाहून म्हटले, की इथे दहामागे २ वाढले, म्हणजे शंभरामागे २०; मग १५ टक्के कुठे राहिले? त्याहून मोठा गोंधळ ६९ च्या तिकिटात आहे. त्याचे निम्मे ३४.५०, म्हणून हाफ तिकीट ३५ चे. दोन हाफ ७० ला पडतात आणि फुल ६९ ला. ज्या नियमाने तिने ६ रुपयांची बेरीज खोटी ठरवली, तो नियम इथे एका रुपयाने मोडतो.

मग तिचा आधीचा युक्तिवाद चुकीचा होता का? नव्हता, पण दोन प्रकारचे बिघाड वेगळे ओळखता आले पाहिजेत. पूर्णांकात आणल्याने पडणारा फरक एका तिकिटामागे अर्ध्या रुपयाहून जास्त कधीच नसतो, तिकीट १० चे असो की २०० चे. फरकाचा नियम लावल्याने पडणारी चूक मात्र भाडे ४० पासून जितके दूर जाईल तितकी वाढत जाते: ६० ला ३ रुपये, ८० ला ६, १०० ला ९, आणि २०० ला २४. तेव्हा पडताळा सोपा आहे. लहान तिकिटावर शंका आली, तर तीच रीत मोठ्या तिकिटावर लावून पाहावी. बिघाड तेवढाच राहिला तर तो पूर्णांकाचा, वाढत गेला तर नाते चुकीचे धरलेले आहे. मात्र पूर्णांकाचा फरक तिकिटांच्या संख्येबरोबर साचतो हे कंडक्टरने विसरून चालत नाही. दूरच्या टप्प्याची ६ हाफ तिकिटे ३ फुल धरून मोजली तर २०७ रुपये अपेक्षित असतात, आणि पिशवीत २१० निघतात. म्हणून वडिलांनी तिला बजावले, की दूरच्या तिकिटांचे हाफ वेगळेच मोजायचे, त्यांना फुलात घालायचे नाही. भरणा कमी पडला तर तो पदरचा घालावा लागतो, आणि जास्त निघाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागते.

या सगळ्यानंतर तिने एक मोठी उडी मारली, आणि ती फसली. भाडे भाड्याच्या प्रमाणात वाढते, मग ते अंतराच्याही प्रमाणात असणार, असे धरून तिने वडिलांना विचारले, की निम्म्या वाटेवर उतरणाऱ्याला नेमके निम्मेच भाडे पडते काय. पडत नाही. भाडे किलोमीटरवर नसते, टप्प्यांवर असते. टप्प्याच्या आत कुठेही उतरले तरी भाडे तेच, आणि अगदी जवळ जायचे असले तरी किमान भाडे द्यावेच लागते. अंतर आणि भाडे यांचा आलेख काढला तर तो जिन्यासारखा चढतो, आणि पहिली पायरी शून्यापासून वर उचललेली असते. तिथे २० : २३ सारखे एकच गुणोत्तर शोधणे व्यर्थ आहे. तरीही त्याच तक्त्यातला जुन्या भाड्यांचा रकाना आणि नव्या भाड्यांचा रकाना एकमेकांच्या प्रमाणात आहेत, कारण जिन्याची प्रत्येक पायरी सारख्याच पटीने उंच झाली. एकच संख्या एका राशीबरोबर प्रमाणात असू शकते आणि दुसरीबरोबर नसू शकते. डिसेंबरात प्रवासी आणि पैसे यांच्याबाबत झाले, ते हेच. फरक इतकाच, की तेव्हा तिला वडिलांनी सांगावे लागले होते, आणि आता तिने वहीत अंतराचा तिसरा रकाना आखून तो मधल्या थांब्यांच्या भाड्यांशी ताडून पाहिला आणि स्वतःच खोडला.

शेवटचा प्रश्न शेजारच्या आजोबांचा होता. त्यांचे म्हणणे, की १५ टक्के वाढले ना, मग ४६ मधून १५ टक्के वजा केले की जुने भाडे कळेल. मुलीने ४६ ला रुपयामागे १५ पैसे काढले: ६ रुपये ९० पैसे. उरले ३९.१०. जुने भाडे तर ४० होते, आणि हा फरक पूर्णांकाचा म्हणावा तर ४६ हा आकडा मुळीच पूर्णांकात आणावा लागलेला नव्हता. तिने वहीतली ओळ उलटी वाचली: २० चे २३ झाले, म्हणजे मागे जाताना २३ मधून ३ काढायचे, २० मधून नव्हे. ४६ मध्ये २३ दोनदा बसतात, म्हणून काढायचे ६, उरतात ४०. मग ६९ वरही तिने तेच करून पाहिले. २३ तीनदा, वजा ९, उरले ६०. आजोबांनी वही हातात घेऊन विचारले, की मग मागे जाताना शंभरामागे किती काढायचे ते सांग, आणि ती २३ ने ३०० ला भागायला बसली. भागाकार १३ च्या पुढे गेला आणि संपेना.